एजन्सीला काय सांगाल?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्यांना क्वालिटी इंजिनिअर हवा आहे. भरती एजन्सीला मेल जातो : ‘पाच वर्षांचा अनुभव, सगळी टूल्स यायला हवीत, इंग्रजी उत्तम, पगार नियमाप्रमाणे, ताबडतोब हजर.’ दोन दिवसांत चाळीस बायोडेटा येऊन पडतात आणि त्यांतला एकही कामाचा नसतो. इथे एजन्सीला दोष देऊन उपयोग नाही, कारण तिला निवडीची चाळणीच मिळालेली नाही.

आधी अटी पाहू. प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा : हे येत नसेल, तर उमेदवाराला न भेटताच नाकारू का? या कसोटीवर इथे तीनच गोष्टी टिकतात. ड्रॉइंगवरच्या भौमितिक टॉलरन्सच्या खुणा वाचता येणं, सीएमएम मशीनच्या मोजमापाचा अहवाल समजणं आणि ग्राहकाला द्यायची पीपीएपी फाइल स्वतः तयार केलेली असणं. ‘स्वतः’ हा शब्द एजन्सीला मुद्दाम सांगा. नाहीतर फाइल नुसती पाहिलेली माणसंही यादीत येतात. बाकीचं सहा महिन्यांत शिकवता येतं. ते ‘असल्यास उत्तम’ या रकान्यात टाका.

पगाराचा आकडा मोघम ठेवू नका. ‘वार्षिक सीटीसी ६ ते ७.२ लाख’ असं सांगा आणि वरची मर्यादा कुणासाठी आहे तेही सांगा. सीटीसी आणि हातात येणारी रक्कम यांत बरंच अंतर असतं. ७.२ लाख म्हणजे महिना ६० हजार. मूळ वेतन त्याच्या निम्मं, पूर्ण मूळ वेतनावर पीएफ आणि ग्रॅच्युइटीही सीटीसीतच धरलेली असेल, तर दोन्ही बाजूंचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्यवसाय कर वजा जाऊन हातात साधारण ५१ हजार येतात. हा हिशेब एजन्सीने पहिल्याच फोनवर उमेदवाराला सांगितला नाही, तर ऑफर लेटर हातात पडल्यावर तो नकार देतो आणि महिना फुकट जातो.

तारखा शेवटाकडून मोजा. माणूस १ ऑक्टोबरला हवा आणि त्याचा नोटीस पीरियड ६० दिवसांचा असेल, तर १ ऑगस्टपर्यंत त्याचा राजीनामा पडायला हवा. म्हणजे ऑफर जुलैअखेर, मुलाखतींच्या दोन फेऱ्या जुलैच्या मध्यावर आणि पहिले बायोडेटा ८ जुलैपर्यंत. यासाठी एजन्सीला १ जुलैला सगळं सांगून झालेलं असावं. मुलाखत घेणाऱ्यांचे दिवसही तेव्हाच राखून ठेवा.

सुरुवातीला तीनच बायोडेटा मागवा आणि प्रत्येक का चालतो किंवा का नाही, ते एका दिवसात लेखी कळवा. तिघेही कौशल्यात बसतात पण जास्त पगार मागतात, असं दिसलं तर बाजारभाव तुमच्या आकड्याच्या वर असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पगार वाढवा किंवा एक अट सोडा. दोन्ही धरून बसलात, तर ती जागा ऑक्टोबरमध्येही रिकामीच राहील.