सगळ्यांचा मिळून एक मजकूर

ऑफिसातल्या कुणाचं लग्न ठरलं की वर्गणीचा हिशेब तासाभरात जमतो, पण गिफ्ट कार्डावरचा मजकूर मात्र शेवटच्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी गळ्यात पडतो. तो बिचारा ‘विवाहाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहितो, खाली विभागाचं नाव टाकतो आणि मोकळा होतो. पैसे पोचतात, पण ते पाठवणारी माणसं पोचत नाहीत.

हा मजकूर कुठे वाचला जातो, ते आधी पाहू. लग्नानंतर एकदोन दिवसांत घरात आहेर उघडले जातात. एकजण पाकिटं फोडतो, दुसरा वहीत नाव आणि रक्कम लिहून घेतो, आणि भोवती सासूसासरे, दीर, नणंदा, मावश्या बसलेल्या असतात. ऑफिसचं कार्ड आलं की कुणीतरी ते मोठ्याने वाचतं. ई-मेलने आलेलं असलं तरी फोन हातोहात फिरतोच. म्हणजे लिहायचं सहकाऱ्याला, पण ऐकणार सगळं घर. त्यातल्या बहुतेकांनी ऑफिस पाहिलेलंही नसतं. मजकुराचे बरेचसे नियम यातूनच निघतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात चौदाजण आहेत. त्यांच्यातल्या स्नेहलचं रोहनशी लग्न आहे. पहिला मसुदा तयार होतो: ‘डिअर स्नेहल, हार्दिक शुभेच्छा! नांदा सौख्यभरे!’ यात चूक काही नाही, पण हेच कार्ड शेजारच्या विभागातल्या कुणालाही चाललं असतं. शिवाय ‘नांदा सौख्यभरे’ हा वडीलधाऱ्यांच्या तोंडचा आशीर्वाद. तेवीस वर्षांच्या ट्रेनीनं त्याखाली सही करायची म्हणजे त्यालाच अवघडल्यासारखं होतं. पत्रिकेवरून नाव उतरवताना ‘चि. सौ. कां.’ही तसंच उतरवलं, तरी तीच अडचण.

मग कुणीतरी म्हणतं, जरा मजेशीर लिहू या. दुसरा मसुदा येतो: ‘स्नेहल, आता ऑडिटच्या वेळी रात्री दहापर्यंत कोण थांबणार? आता तर सहालाच पळशील!’ विभागात यावर हशा पिकतो. पण आहेर उघडणाऱ्या घरात हाच मजकूर वाचला गेला, तर नव्या सुनेची ओळख रात्री दहापर्यंत बाहेर राहणारी अशी होते. वर लग्न म्हणजे काम टाळायचं निमित्त, असाही सूर लागतो. उशीर, रजा, पगार, वजन, जुनी मैत्री आणि होणारी मुलंबाळं हे विषय सामूहिक कार्डावर येऊ देऊच नयेत. जवळच्या मैत्रिणीला अशी थट्टा करायची असेल, तर तिनं ती स्वतंत्र चिठ्ठीत करावी.

खरी अडचण शब्दांची नसते, लिहिण्याजोगी गोष्ट हाताशी नसते. ती मिळवायची सोय वर्गणीतच आहे, कारण त्या निमित्तानं एकजण प्रत्येकाच्या टेबलापाशी जातोच. ‘कार्डावर काय लिहू?’ असं त्यानं विचारलं, तर उत्तर येतं, ‘लिही काहीतरी छानसं.’ त्याऐवजी विचारावं, ‘स्नेहलनं तुझ्यासाठी केलेली एखादी गोष्ट आठवते का?’ यावर माणसं बोलायला लागतात. कुणी म्हणतं, जीएसटीचं रिटर्न तिनं शिकवलं. कुणी सांगतं, आई दवाखान्यात होती तेव्हा माझं काम तिनं ओढलं. आणि तीनचारजण वेगवेगळ्या तऱ्हेनं एकच गोष्ट सांगतात: ऑफिसचा पहिला दिवस होता, कुणाशी ओळख नव्हती, आणि जेवणाच्या सुट्टीत स्नेहलनं शेजारी बोलावून डबा पुढे केला. आपल्याला हवी ती गोष्ट हीच. प्रत्येकजण कधी ना कधी नवा होता, त्यामुळे बाकीचे तेराही जण मनापासून तिच्याखाली सही करू शकतात. रोहनच्या आईलाही ती समजावून सांगावी लागत नाही. आईच्या आजारपणाची गोष्ट जास्त हृद्य आहे, पण ती एकाची आहे. ती त्यानंच स्वतः स्नेहलला सांगावी.

यानंतर मराठीतली एक खास अडचण येते. साहेब तिला ‘तू’ म्हणतात, बरोबरीचे ‘तू’च म्हणतात, धाकटे ‘स्नेहलताई, तुम्ही’ म्हणतात. मग कार्डावर काय लिहायचं? दोघांना मिळून लिहिलं की प्रश्न सुटतो. ‘तुम्हा दोघांना’ हे थोरांच्या तोंडीही शोभतं आणि धाकट्यांच्याही. शिवाय रोहनही त्यात येतो, नाहीतर सगळं कार्ड एकटीच्या नावानं होतं. स्नेहलची गोष्ट सांगतानाही तिला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणायची वेळ येणार नाही, अशी वाक्यरचना करता येते. शेवटी मजकूर असा होतो:

‘प्रिय स्नेहल आणि रोहन, ऑफिसातल्या पहिल्या दिवशी आम्हा प्रत्येकाला जेवायला बसायला जागा मिळाली ती स्नेहलच्या डब्याशेजारी. तशीच सोबत तुम्हा दोघांना एकमेकांची आयुष्यभर लाभो. – अकाउंट्समधले आम्ही सगळे’

यात शुभेच्छा त्या गोष्टीतूनच आली आहे, वरून चिकटवलेली नाही. ‘तुमच्या घरीही असेच डबे भरभरून राहोत’ असं लिहायचा मोह झाला असता, पण मग स्वयंपाक स्नेहलच्याच माथी मारल्यासारखं झालं असतं. सोबत दोघांनी एकमेकांना द्यायची असते, म्हणून तोच शब्द घेतला.

लांबीचंही भान ठेवावं लागतं. ऑनलाइन कार्डावर मजकुराची चौकट लहान असते, आणि मराठीत मोजणी डोळ्यांना दिसते तशी होत नाही. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह हे सगळं सहसा वेगळं मोजलं जातं. ‘स्नेहल’ हे नाव आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, पण यंत्र ते सहा मोजतं. वरचा मजकूर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून दोनशेच्या आत बसतो. मर्यादा ओलांडली, तर मजकूर शेवटाकडून कापला जाण्याची भीती असते, आणि शेवटी तर आपलीच नावं असतात. काही ठिकाणी छापील कार्डावर मराठीऐवजी नुसते चौकोन उमटतात किंवा वेलांटी भलतीकडे जाते. त्यामुळे आधी नमुना पाहावा, ई-मेलचं कार्ड असेल तर पाठवण्यापूर्वी त्याचं पूर्वदृश्य बघावं.

बाकीच्या खाणाखुणा पत्रिकेत सापडतात. नावांचं ऱ्हस्व-दीर्घ तिथूनच घ्यावं. पत्रिकेवर ‘मंगल परिणय’ असेल, निकाह असेल किंवा चर्चचं नाव असेल, तर कार्डावर गणपती आणि मुंडावळ्या निवडू नयेत. मुलीचं आडनाव आपण होऊन बदलू नये. नुसती दोन नावं लिहिली की तो प्रश्नच उरत नाही.

रकमेचा उल्लेख मजकुरात नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकांच्या भेटकार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये असते. वर्गणी त्याहून जास्त जमली तर दोन कार्डं घ्यावी लागतात, पण मजकूर एकाच कार्डावर पुरतो. कार्ड कधीपर्यंत वापरायचं, ती तारीख वेगळ्या कागदावर ठळक लिहून द्यावी, म्हणजे लग्नाच्या गडबडीत कार्ड कपाटात पडून राहणार नाही.

सह्यांसाठी वेगळा कागद असेल, तर नावं हुद्द्याप्रमाणे न लावता अकारविल्हे लावावीत. कुणी पाचशे दिले असतील, कुणी शंभर, आणि एखाद्याला या महिन्यात काहीच जमलं नसेल. स्नेहलच्या डब्याशेजारी तोही बसला होता, तेव्हा त्याचंही नाव त्या यादीत हवंच.