ओल नेमकी कधी वाढते?

एप्रिलच्या उन्हात सगळं अंगण करपलेलं, पण एका कोपऱ्यात हरळी माजलेली. तिथे पाऊल टाकलं की माती पचकन दबते. त्याच सुमारास बागेतल्या नळाची धारही बारीक झालेली. जमिनीखालची पाइपलाइन फुटली, असं कुणालाही वाटेल. पण शोषखड्डा तुंबला तरी गवत असंच माजतं, आणि जुन्या जीआय पाइपात गंज साचला तरी धार अशीच बारीक होते. म्हणून कुदळ हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस ओल कधी वाढते ते पाहावं.

आपल्याकडे नळाला बहुधा ठरावीक वेळीच पाणी येतं. पाणी आल्यावर ओल वाढून संध्याकाळपर्यंत ओसरत असेल, तर मीटरपासून हौदापर्यंतच्या लाइनवर संशय घ्यावा. ती रात्रंदिवस सारखीच राहत असेल, तर गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या लाइनवर, कारण त्या पाइपात पाणी कायम भरलेलं असतं. आंघोळी-धुणी आटोपल्यावर वाढत असेल आणि वास येत असेल, तर शोषखड्डा पाहावा. नळाची आणि आंघोळीची वेळ एकच असेल, तर नळाला पाणी न येण्याच्या दिवशी निरीक्षण करावं.

पहिला संशय तपासायला मीटर पुरतो. नळाला पाणी असताना हौदाच्या तोंडचा व्हॉल्व्ह आणि त्या लाइनवरचे इतर नळ बंद करावेत. तरीही मीटरमधलं छोटं चक्र फिरत राहिलं, तर गळती मीटरच्या पुढे आहे. गळती मीटरच्या अलीकडे असेल, तर चक्र हलणार नाही.

टाकीच्या लाइनसाठी रात्रीची वेळ बरी. पंप बंद ठेवावा, घरात जाणारा व्हॉल्व्ह बंद करावा, फक्त बागेची लाइन चालू ठेवून तिचे नळ घट्ट बंद करावेत आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी. समजा, हजार लिटरच्या, सुमारे ११० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत सहा तासांत पातळी ३ सेंटिमीटर उतरली. म्हणजे साधारण २८ लिटर पाणी गेलं. बागेच्या लाइनला गळती असण्याची दाट शक्यता आहे.

पण हिशेब इथे थांबवू नये. सहा तासांत २८ लिटर म्हणजे मिनिटाला जेमतेम ८० मिलिलिटर. चांगला नळ मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी देतो, त्याची धार एवढ्याशा गळतीने बारीक होत नाही. ओल गळतीची असली, तरी धारेचं कारण गंजात, अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्ये किंवा नळाच्या तोंडच्या जाळीत शोधावं लागेल. नाहीतर जोड बदलून खड्डा बुजवल्यावरही धार तशीच राहते.

खणताना ओलीच्या मधोमध सुरुवात करू नये. पाइपाभोवतीच्या भुसभुशीत मातीतून पाणी उताराकडे सरकत जातं, त्यामुळे फुटलेला जोड बरेचदा चढाच्या बाजूला सापडतो. गळती पालिकेच्या पाण्याच्या लाइनवर असेल, तर दुरुस्ती लांबवू नये. पाणी बंद झालं की रिकामा होणारा पाइप त्याच भोकातून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढतो, आणि शोषखड्डा जवळ असेल तर तेच पाणी हौदात पोहोचतं.