नकाशातली खोली, टेपखालची खोली

फ्लॅटची जाहिरात चौरस फुटांत बोलते, करारनामा चौरस मीटरमध्ये. '४२४ फुटांचा वन बीएचके' पाहायला गेलेल्या माणसासमोर सहीसाठी येतो तो '३९.४० चौ. मी.' लिहिलेला कागद. मोबाइलवर एक गुणाकार केला की दोन्ही आकडे जुळतात आणि त्याला हायसं वाटतं. पण त्या जुळण्यातून फार काही सिद्ध होत नाही. दोन्ही आकडे बिल्डरचेच आहेत. खरा प्रश्न आहे तो नकाशातल्या कोणत्या रेषा मोजून ३९.४० आले, हा.

त्यासाठी रंगीत ब्रोशर बाजूला ठेवून मंजूर नकाशाची प्रत घ्यावी. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं पाहता येतात. ब्रोशरमधला सोफा आणि डबलबेड चित्रकाराच्या मर्जीने लहानमोठे होतात. मंजूर नकाशा मात्र प्रमाणात काढलेला असतो. त्यावर कोपऱ्यात १:१०० असं लिहिलेलं असेल, तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा १ मीटर. हे प्रमाण फार सोयीचं आहे, कारण मग कागदावरचा १ चौरस सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा बरोबर १ चौरस मीटर. तेच १:५० असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा मीटर, आणि १ चौरस सेंटिमीटर म्हणजे पाव चौरस मीटर. लांबी निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होतं, आणि बरीच गफलत इथेच होते.

दुसरी गफलत झेरॉक्सच्या दुकानात होते. ए-३ कागदावरचा नकाशा ए-४ वर उतरवला की प्रत्येक रेषा मूळच्या सुमारे ७१ टक्के उरते. कोपऱ्यातली '१:१००' ही अक्षरं मात्र तशीच छापून येतात. अशा प्रतीवर फूटपट्टी लावली, तर ४.७५ मीटरचा हॉल ३.३६ सेंटिमीटर भरतो, ३.०५ ची रुंदी २.१६ भरते, आणि क्षेत्रफळ निम्मं निघतं. हे ओळखणं अगदी सोपं आहे. नकाशावर जी लांबी आकड्यात लिहिली आहे, तीच रेषा आधी पट्टीने मोजायची. लिहिलंय ३.०५ आणि पट्टी म्हणते २.१६, तर कागद आक्रसला आहे. ३.०५ ला २.१६ ने भागलं की १.४१ येतात. आता ज्या कोनाड्याचं माप लिहिलेलंच नाही, त्याची पट्टीवरची लांबी १.४१ ने गुणायची. ०.८५ सेंटिमीटर भरलेला कोनाडा खरा १.२० मीटरचा.

तरीही लिहिलेला आकडा असेल तिथे पट्टी लावूच नये. १:१०० च्या नकाशात पट्टी अर्धा मिलिमीटर चुकली, तर जागेवर ५ सेंटिमीटरचा फरक पडतो. हॉलच्या दोन्ही बाजूंना अशी चूक झाली, तर चारएक चौरस फूट हवेत. पट्टी वापरावी ती तपासणीसाठी आणि न लिहिलेल्या मापांसाठी.

आता हिशेब करू. उदाहरणाच्या घरातला हॉल ३.०५ × ४.७५, म्हणजे १४.४९ चौरस मीटर. किचन २.१५ × ३.०५, म्हणजे ६.५६. बेडरूम ३.०५ × ३.६५, म्हणजे ११.१३. बाथरूम, डब्ल्यूसी आणि मधला पॅसेज मिळून ५.४२. एखादी खोली इंग्रजी एल अक्षरासारखी असेल, तर तिचे दोन आयत पाडून बेरीज करायची. एकूण झाले ३७.६०. करारात तर ३९.४० आहेत. मग १.८० चौरस मीटर गेले कुठे?

ते गेले भिंतींत, आणि यात फसवणूक नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार घराच्या आतल्या, खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंतींची जाडी कार्पेट क्षेत्रात धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी धरली जात नाही. या घरात आतल्या भिंती एकूण १२ मीटर लांबीच्या आणि गिलाव्यासकट १५ सेंटिमीटर जाडीच्या आहेत. १२ गुणिले ०.१५ बरोबर १.८०. हिशेब मिळाला. पण प्रत्यक्ष पावलाखाली येणारी फरशी ३७.६० चीच, म्हणजे सुमारे ४०५ चौरस फूट. विक्रीच्या टेबलावर ४२४ मध्ये बाल्कनीचे ३९ मिळवून '४६३ कार्पेट' सांगितलं गेलं, तर तिथे थांबवून विचारावं. बाल्कनी वापरायला मिळते हे खरं, पण कार्पेटच्या आकड्यात ती बसत नाही.

आता रूपांतर. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, हे माप आंतरराष्ट्रीय पातळीवर नेमकं ठरलेलं आहे. त्याचा वर्ग केला की १ चौरस फूट म्हणजे ०.०९२९ चौरस मीटर. उलट बाजूने १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ३९.४० गुणिले १०.७६४ म्हणजे ४२४.१. 'साधारण दहाने भागा' असं तोंडी सांगतात, तसं केलं तर ४२४ चे ४२.४ होतात आणि कागदावर तीन चौरस मीटर फुकटचे वाढतात. सगळी बेरीज एकाच मापात करावी आणि रूपांतर शेवटी एकदाच. फूट-इंचात लिहिलेल्या मापांना आणखी जपावं. १० फूट ११ इंच कॅल्क्युलेटरवर १०.११ असं दाबणारे पुष्कळ. इंचांना आधी १२ ने भागायचं असतं, म्हणजे ते १०.९२ होतात. दहा फूट रुंदीच्या खोलीत एवढ्यानेच आठ चौरस फुटांचा फरक पडतो.

सरकारी आकड्यांतही हे दोन मापांचं जोडकाम दिसतं. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ चं झालं, पुढे ३०० चं. मधलाच २६९ असा तिरपागडा का? कारण तो २५ चौरस मीटरचा तर्जुमा आहे. ३०० मात्र फुटांत ठरले, म्हणून नियमावलीत ते २७.८८ चौरस मीटर असे अवघडून बसले आहेत.

एक मर्यादा नकाशा कधीच सांगत नाही. मापं बहुधा विटेपासून विटेपर्यंत असतात. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरचा गिलावा चढला, की हॉल दोन चौरस फुटांनी लहान होतो. म्हणून टेप धरायची ती ताब्याच्या दिवशी, फर्निचर आत येण्याआधी. भिंतीच्या मध्यावर, दोन ठिकाणी मोजा, कारण कोपरे नेहमीच काटकोनात असतात असं नाही. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात कार्पेट क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केलेला आहे. ३९.४० वर तो १.१८ चौरस मीटर, म्हणजे १२.७ चौरस फूट होतो. घट त्याहून जास्त निघाली, तर जादा भरलेले पैसे करारातल्या चौरस मीटरच्या दराने, ४५ दिवसांत आणि व्याजासह परत करणं बिल्डरवर बंधनकारक आहे.