मेसेज काढला, मित्र दुखावला

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टँकरच्या खर्चावरून जुंपते. एक सभासद हिशेब मागतो, कमिटीतला एक जण चिडतो, बोलणं एकमेकांच्या घरच्यांपर्यंत जातं आणि रात्री अ‍ॅडमिन सगळे मेसेज उडवतो. 2022पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो. हिशेब मागणारा त्याचाच जुना मित्र असेल, तर आता त्याला काय लिहायचं?

आधी त्या मित्राला काय दिसतं ते पाहावं. मेसेज जातो, पण त्याच्याच नावाखाली ‘अ‍ॅडमिनने काढला’ अशी ओळ उरते. त्याने काय विचारलं होतं हे कुणाला दिसत नाही. काहीतरी वावगं लिहिलं असणार, एवढं सगळ्यांना दिसतं. त्याला लागतं ते हे. ‘वातावरण तापलं होतं’ असा खुलासा त्यावर पुरत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली 755 जणांकडून तपासून घेतलं, की माफीतला कोणता भाग जास्त पटतो. ‘चूक माझी’ असं सरळ कबूल करणं पहिलं आलं, झालेलं नुकसान भरून काढायची तयारी दुसरी. ‘मला माफ कर’ ही विनंती सगळ्यात मागे पडली. आपण नेमकी तीच आधी लिहितो.

मग चिठ्ठी अशी होते:

‘काल तुझे मेसेज मी तुला न विचारता काढले. हे माझं चुकलं. शेवटी तुम्ही दोघंही एकमेकांच्या घरच्यांवर घसरलात, ते मी आजही काढीन. पण टँकरच्या बिलांबद्दलचा तुझा प्रश्न रास्त होता आणि त्या भांडणात तोही गेला. तो मी काढायला नको होता, असं आज ग्रुपवर लिहितो. तू प्रश्न पुन्हा टाक, तो राहील.’

इथे माफी सगळ्याची मागितलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. शिवराळ मजकूर काढणं योग्य होतं. त्याबद्दलही दिलगिरी दाखवली तर मित्राला ती खोटी वाटते आणि समोरच्या सभासदावर अन्याय होतो. ‘पण’ मात्र जपून वापरावा. ‘चुकलं, पण तूही काय बोललास’ असं लिहिलं की आधीची कबुली पुसली जाते. वरच्या चिठ्ठीत तो मित्राच्या बाजूने आला आहे.

चिठ्ठी खासगीत जावी, दुरुस्ती मात्र ग्रुपवरच व्हावी, कारण कमीपणा तिथे आला. काढलेला मेसेज अ‍ॅडमिनला परत आणता येत नाही, म्हणून मित्रालाच तो पुन्हा लिहायला सांगायचा. ‘यापुढे कधीच काढणार नाही’ हे वचन मात्र देऊ नये. पुढच्या भांडणात ते मोडावं लागेल. ‘काढण्याआधी तुला फोन करीन’ एवढं पाळता येतं.