निकाल लागला, पण लग्नाची तारीख?

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात पडला की घरचे लगेच नवी स्थळं पाहू लागतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ मात्र थांबायला सांगतं. समोरच्या पक्षाची अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, दुसरं लग्न करता येत नाही. मुदत २००३ पासून ९० दिवसांची आहे.

खरी गफलत हे दिवस मोजताना होते. समजा निकाल १ मार्चला लागला. सरळ मोजले तर ९० दिवस ३० मे रोजी भरतात. पण पत्नीने निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मागितली आणि ती मिळायला २० दिवस लागले, तर ते दिवस वगळले जातात. मग तिची मुदत १९ जूनपर्यंत जाते आणि ५ जूनचा मुहूर्त घाईचा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असंच ठरवलं. पतीने मुदत संपली समजून दुसरं लग्न केलं होतं. ‘आता अपिलात अर्थ नाही’ हा त्याचा बचाव टिकला नाही.

असं लग्न आपोआप रद्द होत नाही, हेही १९७८ पासून स्पष्ट आहे. पण अपिलात घटस्फोटच उलटला तर पहिलं लग्न जिवंत होतं, आणि नव्या जोडीदाराची स्थिती अधांतरी राहते. मला तरी हा जुगार नको वाटतो.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात हा धोका बराच कमी. एकतर्फी निकालात मात्र सर्वाधिक. तारीख ठरवण्याआधी नक्कल कधी मागितली, कधी मिळाली आणि उच्च न्यायालयात अपील दाखल आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या.