क्रियापद आलं, की पूर्णविराम

कारखान्यातून ग्राहकाला गेलेला हा ईमेल वाचा. तो नमुन्यासाठी रचलेला आहे, पण ज्यांच्या इनबॉक्समध्ये रोज कामाची पत्रं येतात त्यांना तो ओळखीचा वाटेल.

“नमस्कार साहेब; आपल्या 14 तारखेच्या ऑर्डरचा माल तयार आहे - पण ट्रान्सपोर्टची गाडी न मिळाल्यामुळे; माल मंगळवारऐवजी गुरुवारी निघेल - 200 बॉक्सपैकी 40 बॉक्स बाकी आहेत; ते पुढच्या आठवड्यात - बिल सोबत जोडले आहे; तपासून कळवावे - जुनी बाकी - 18,500 लवकर भरावी.”

यात चार अर्धविराम आहेत, पाच डॅश आहेत आणि पूर्णविराम एकच, तोही अगदी शेवटी. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. तरीही हे पत्र वाचणाऱ्याला फोन करावाच लागेल. माल तयार आहे म्हणता, मग 40 बॉक्स बाकी कसे? ते पुढच्या आठवड्यात तयार होणार की पोहोचणार? तपासायचं काय, बिल की माल? आणि 18,500 च्या आधी जी आडवी रेघ आहे, ती डॅश की उणे चिन्ह?

शेवटचा प्रश्न सर्वांत महागात पडणारा आहे. खातेउताऱ्यात उणे रक्कम म्हणजे पुष्कळदा जादा जमा झालेले पैसे. लिहिणाऱ्याला पैसे मागायचे आहेत आणि वाचणारा लेखापाल ‘आपलेच पैसे त्यांच्याकडे पडून आहेत’ असं समजू शकतो. रकमेच्या, तापमानाच्या किंवा फरकाच्या आकड्याआधी डॅश कधीच ठेवू नये. ‘जुनी बाकी 18,500 रुपये आहे.’ एवढं पुरतं. तारखांचंही तसंच. ‘10-12 तारखेला’ म्हणजे दहापासून बारापर्यंत, की दहा-बाराच्या सुमारास? ‘10 ते 12 तारखेदरम्यान’ असं लिहिलं की शंका उरत नाही. डॅशने सुरू होणाऱ्या ओळी ईमेलमधून उचलून एक्सेलमध्ये टाकल्या तर एक्सेल त्या रेघेला वजाबाकी समजतं आणि मजकुराच्या जागी `#NAME?` दाखवू शकतं.

बाकीच्या शंकांचं मूळ मात्र आकड्यांत नाही, वाक्यांत आहे. लिहिणाऱ्याच्या मनात एकामागून एक मुद्दे येत गेले आणि प्रत्येक मुद्द्यानंतर त्याने हाताला लागेल ते चिन्ह टाकलं. आधीचं वाक्य संपलं की नाही, पुढच्या मुद्द्याशी त्याचा संबंध काय, हे ठरवायचं राहून गेलं. डॅश आणि अर्धविराम ही न ठरवण्याची सोय करून देतात. पूर्णविराम ती सोय देत नाही. तो द्यायचा तर वाक्य पुरं करावंच लागतं.

वाक्य पुरं झालं का, हे ओळखायला मराठीत एक सोपी खूण आहे. आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. मोडी लिपीतल्या जुन्या पत्रांत विरामचिन्हं जवळजवळ नसत, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. तरी जाणकार वाचक ती पत्रं वाचत, कारण वाक्य कुठे संपलं हे क्रियापदावरून कळे. आज आपण वापरतो ती चिन्हं इंग्रजीच्या वळणाने एकोणिसाव्या शतकात आली. मेजर थॉमस कँडी यांनी त्यांच्याबद्दल ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक 1850 मध्ये लिहिलं. चिन्हं नंतर आली तरी वाक्याचा कणा तोच राहिला. म्हणून डॅश किंवा अर्धविराम टाकताना त्याच्या लगेच आधीचा शब्द बघावा.

तो शब्द ‘आहे’, ‘झाले’, ‘निघेल’, ‘पाठवावे’ असा असेल, तर वाक्य बहुधा तिथेच पुरं झालेलं असतं. डॅश काढून पूर्णविराम द्यावा. आपल्या नमुन्यात ‘माल गुरुवारी निघेल’, ‘40 बॉक्स बाकी आहेत’, ‘बिल सोबत जोडले आहे’ ही तिन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी आहेत.

तो शब्द ‘मिळाल्यामुळे’, ‘आल्यावर’, ‘तपासून’, ‘पाठवताना’, ‘भरेपर्यंत’ असा असेल, तर वाक्य अजून चालू आहे. तिथे पूर्णविराम चालत नाही आणि अर्धविरामही चालत नाही. ‘गाडी न मिळाल्यामुळे; माल गुरुवारी निघेल’ यातला अर्धविराम कारण आणि परिणाम यांच्या मध्ये उभा राहून दोघांना तोडतो. तिथे फार तर स्वल्पविराम हवा. नाही तर कारणाचं वेगळं वाक्य करावं: ‘मंगळवारसाठी गाडी मिळाली नाही. त्यामुळे माल गुरुवारी निघेल.’

आणि चिन्हाआधी क्रियापद नसेलच, तर लिहिणारा काहीतरी सांगायचं विसरला आहे. ‘ते पुढच्या आठवड्यात -’ या तुकड्यात तेच झालं. डॅशमुळे तुकडा पूर्ण असल्याचा भास होतो. तिथे पूर्णविराम द्यायला गेलं की लगेच कळतं, इथे ‘पाठवू’ किंवा ‘तयार होतील’ यांपैकी काहीतरी लिहायलाच हवं.

या खुणेला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ‘जर’, ‘जेव्हा’, ‘जो’, ‘जिथे’ यांनी सुरू होणाऱ्या भागाच्या शेवटी पूर्ण क्रियापद येतं, तरी वाक्य संपत नाही. ‘जर बिल बुधवारी मंजूर झाले’ एवढ्यावर ऐकणारा ‘मग?’ असं विचारणारच. त्याचा ‘तर’ यायचा आहे. इथे स्वल्पविराम द्यावा: ‘जर बिल बुधवारी मंजूर झाले, तर धनादेश शुक्रवारी मिळेल.’ कार्यालयीन पत्रांत ‘जर…; तर’ असा अर्धविराम वारंवार दिसतो आणि तो प्रत्येक वेळी चुकीचा असतो.

आता तो ईमेल पुन्हा लिहू.

“नमस्कार साहेब,

आपल्या 14 तारखेच्या ऑर्डरमधील 200 बॉक्सपैकी 160 बॉक्स तयार आहेत. मंगळवारसाठी गाडी मिळाली नाही. त्यामुळे हे 160 बॉक्स गुरुवारी निघतील. उरलेले 40 बॉक्स पुढच्या सोमवारी पाठवू.

बिल सोबत जोडले आहे. बिल तपासून शुक्रवारपर्यंत कळवावे.

मागील बिलाची बाकी 18,500 रुपये आहे. ही रक्कम 30 तारखेपर्यंत भरावी, ही विनंती.”

इथे डॅश नाही, अर्धविरामही नाही. पण नुसती चिन्हं बदलून हे पत्र तयार झालेलं नाही. ‘माल तयार आहे’ यानंतर पूर्णविराम देताच ते विधान खोटं ठरत होतं, म्हणून 160 चा आकडा पुढे आला. ‘पुढच्या आठवड्यात’ची जागा वाराने घेतली. ‘लवकर’ची जागा तारखेने घेतली. तीन विषयांचे तीन परिच्छेद झाले. आता बिलाचं काम बघणारा माणूस दुसरा परिच्छेद उचलेल, वसुलीचं बघणारा तिसरा.

वाक्य तोडताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, सर्वनाम. मोठ्या वाक्यात ‘ते’, ‘ती’, ‘तो’ कशाबद्दल आहे हे जवळिकीमुळे कळतं. तुकडे केल्यावर तोच शब्द पोरका होऊ शकतो. ‘चलन आणि बिल पाठवले आहे. ते सही करून परत द्यावे.’ यात सही कशावर करायची? नाव पुन्हा लिहिण्यात कमीपणा नाही: ‘चलनावर सही करून परत द्यावे.’

दुसरी गोष्ट म्हणजे जोडणारे शब्द. ‘गाडी मिळाली नाही. माल गुरुवारी निघेल.’ ही दोन वाक्यं बरोबर आहेत, पण त्यांतला संबंध वाचणाऱ्याने ओळखायचा आहे, शिवाय सूर तुटक होतो. ग्राहकाला किंवा वरिष्ठांना लिहिताना असा तुटकपणा उद्धट वाटू शकतो. ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘त्याआधी’ हे शब्द पूर्णविरामानंतर वाक्याच्या सुरुवातीला ठेवले की दुवा राहतो आणि सूरही सौम्य होतो. डॅश हा दुवा दाखवल्यासारखं करतो, पण तो कारणाचा आहे, विरोधाचा की नुसता पुढचा मुद्दा, हे सांगत नाही. ते काम शब्दांचंच आहे.

मग अर्धविराम आणि डॅश वापरायचेच नाहीत का? त्यांच्या हक्काच्या जागा आहेत. मराठीत अर्धविराम दोन पूर्ण वाक्यं ‘पण’, ‘परंतु’, ‘म्हणून’ अशा अव्ययाने जोडताना येतो: ‘नमुना पसंत पडला आहे; पण दराबद्दल बोलणे बाकी आहे.’ इंग्रजीत अर्धविराम दिला की सहसा असं अव्यय गाळतात. दोन्ही भाषांत पत्रं लिहिणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो आणि मराठीतही ते नुसता अर्धविराम ठेवून मोकळे होतात. दुसरी जागा यादीची. ‘बैठकीला सातारा शाखेचे व्यवस्थापक, रोखपाल; कराड शाखेचे व्यवस्थापक, लेखापाल; आणि वाई शाखेचे व्यवस्थापक यांनी यावे.’ इथे अर्धविराम काढून सगळीकडे स्वल्पविराम ठेवले तर कोण कुठल्या शाखेचं हे कळणार नाही. डॅश शोभतो तो आधी सांगितलेल्या गोष्टीचा खुलासा करताना: ‘दोन कागद अजून आलेले नाहीत — पॅनची प्रत आणि रद्द केलेला धनादेश.’ हा डॅश लांब असतो. ‘देवाण-घेवाण’ या शब्दातली आखूड रेघ ते संयोगचिन्ह. कीबोर्डवर समोर फक्त आखूड रेघ असते, म्हणून तीच सगळीकडे जाते. वर्ड किंवा आउटलुक कधी ती आपोआप लांब करतं, कधी नाही, आणि एकाच पत्रात दोन-तीन लांबीच्या रेघा दिसतात.

पत्र पाठवण्याआधी प्रत्येक अर्धविराम आणि डॅश शोधून त्याच्या आधीचा शब्द वाचावा. क्रियापद असेल तर पूर्णविराम द्यावा आणि पुढच्या वाक्याला गरजेचा जोडशब्द द्यावा. ‘-मुळे’, ‘-वर’, ‘-ऊन’ असा शेवट असेल किंवा मागे ‘जर’ असेल, तर स्वल्पविराम ठेवावा. क्रियापदच नसेल तर ते लिहावं. आणि जिथे कुठलं क्रियापद लिहायचं हेच सुचत नाही, तिथे पत्र थांबवून आधी गोदामात फोन करावा, कारण ती माहिती अजून आपल्याकडेच आलेली नाही.