अकरा एमबीवर अडलेला नॅस

लग्नाचे 50 जीबी चित्रीकरण नॅसवर टाकायला सव्वा तास लागत असेल, तर संशय आधी नॅसवर जातो. दोषी बहुधा भिंतीतली केबल असते.

गिगाबिट जोडणीत फाइल सेकंदाला साधारण 110 एमबीने जायला हवी, म्हणजे हेच काम सात-आठ मिनिटांचे. आकडा 11 च्या आसपास अडकला, तर जोडणी 100 मेगाबिटवर उतरली आहे, हे जवळपास नक्की. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी तार प्लगमध्ये नीट बसली नाही तरी नेटवर्क चालूच राहते, फक्त रांगते. लिनक्सवर `ethtool eth0` दिल्यावर `Speed: 100Mb/s` दिसले, की प्लग पुन्हा बसवावा किंवा केबल बदलावी. जुना स्विचही 100 चाच नाही ना, तेही पाहावे. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. ती टाळलेलीच बरी.

गिगाबिटला कॅट 5ई 100 मीटरपर्यंत पुरते. दहा गिगाबिटला तेवढ्याच अंतरासाठी कॅट 6ए लागते. कॅट 6 फार तर 55 मीटर, जुडग्यात त्याहून कमी. नॅस आणि स्विच एकाच कपाटात असतील, तर एसएफपी प्लस पोर्ट आणि छोटी डॅक केबल घ्यावी. तांब्याच्या दहा गिगाबिट पोर्टपेक्षा ती कमी तापते.

मात्र एकटी हार्ड डिस्क सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपासच थकते. अशा नॅसला अडीच गिगाबिटचा स्विच पुरे.